खरा भाग डागाळलेला, खोटा भाग स्वच्छ

चौकडीचा शर्ट शिवताना कसबी शिंपी खिशाचा तुकडा असा बेततो, की खिशावरच्या रेघा छातीवरच्या रेघांना बरोबर जुळतात. घाईत शिवलेला खिसा मात्र चार हातांवरूनही ओळखू येतो. जेपेग फोटोलाही अशी चौकडी असते. तिचं प्रत्येक घर आठ पिक्सेल रुंद आणि आठ पिक्सेल उंच असतं. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून एका फोटोतला माणूस कापून दुसऱ्या फोटोत चिकटवणारा तिची फिकीर करत नाही. तो कडा मऊ करतो, उजेड जुळवतो, पायाखाली सावली रंगवतो. रेघा जुळवणं राहून जातं.

या न जुळलेल्या रेघा सापडतात, त्या आकड्यांच्या हिशेबात. त्यासाठी १९९२ साली प्रमाणित झालेली जेपेगची पद्धत थोडी उघडून पाहावी लागेल.

जेपेग प्रत्येक घरातल्या ६४ पिक्सेलांच्या जागी दुसरेच ६४ आकडे मांडतं. पहिला आकडा घराचा सरासरी उजेड सांगतो. बाकीचे ६३ आकडे त्या घरात कोणत्या प्रकारचे पट्टे किती ठळक आहेत ते सांगतात: काही रुंद पट्ट्यांचे, काही बारीक, काही उभे, काही आडवे. इथवर काहीच हरवलेलं नसतं. हरवतं ते पुढच्या पायरीवर. प्रत्येक आकड्याला एका ठरलेल्या भाजकाने भागतात आणि उत्तर जवळच्या पूर्णांकावर आणून ठेवतात. भाजक जितका मोठा, तितकी फाइल लहान आणि चित्र भरड. सेव्ह करताना आपण ‘क्वालिटी’ची पट्टी सरकवतो, तेव्हा खरं तर ६४ भाजकांचा एक तक्ता बदलत असतो.

त्या ६४पैकी एकच जागा घेऊ, वरच्या ओळीतली चौथी. घराच्या डावीकडून उजवीकडे जाताना उजेड दीड वेळा हेलकावे खातो, त्या पट्ट्यांचा हा आकडा. गिम्पसारखे प्रोग्राम जो रूढ तक्ता वापरतात, त्यात क्वालिटी ८५ ठेवली तर या जागेचा भाजक ५ येतो आणि ९० ठेवली तर ३. (फोटोशॉपचे आणि अनेक फोनचे तक्ते वेगळे असतात, तत्त्व तेच.)

आता समजा, एका समारंभाचा फोटो क्वालिटी ८५ने साठवलेला आहे. कुणीतरी तो उघडून त्यात हजर नसलेला एक पाहुणा उभा करतो आणि सगळं मिळून क्वालिटी ९०ने पुन्हा साठवतो. मांडवाच्या कनातीवरच्या एखाद्या घरात आपल्या जागेचा मूळ आकडा ७.२ होता असं धरू. पहिल्यांदा साठवताना ७.२ भागिले ५, म्हणजे १.४४. त्याचा झाला १. फोटो पुन्हा उघडला तेव्हा १ गुणिले ५, म्हणजे ५. मूळ ७.२ कायमचे गेले. आकडा २.६ असता किंवा ७.४ असता, तरी ५च हाती आला असता. कनातीवरच्या साऱ्या घरांत या जागी आता ०, ५, १०, १५, २० असे पाचाचे पाढेच उरतात.

दुसऱ्यांदा साठवताना या पाढ्याला ३ने भागलं जातं. शून्याचा शून्य राहतो. पाचाचे १.६७, म्हणजे २. दहाचे ३.३३, म्हणजे ३. पंधराचे ५, विसाचे ६.६७ म्हणजे ७, पंचविसाचे ८.३३ म्हणजे ८, तिसाचे १०. फाइलीत येणारे आकडे असे: ०, २, ३, ५, ७, ८, १०. यांत १ नाही, ४ नाही, ६ नाही, ९ नाही. ऋण बाजूलाही हेच. कोणता आकडा किती घरांत आला याचा स्तंभालेख काढला, तर मधले काही दात पडलेल्या फणीसारखा दिसतो आणि पडलेल्या दातांची रचना दर पाच आकड्यांनी परत येते. एकदाच साठवलेल्या फोटोत असं होत नाही. तिथे शून्याचा खांब सर्वांत उंच असतो आणि दोन्ही बाजूंना खांब हळूहळू उतरत जातात.

प्रत्यक्षात पडलेल्या दातांची ही खिंडारं पूर्ण रिकामी नसतात. मधे फोटो उघडला, तेव्हा प्रत्येक पिक्सेलचा रंग पूर्णांकात बसवला गेला होता. त्या बारीक ओढाताणीत एखादा ५ घसरून ४.४ होतो, आणि ३ने भागल्यावर २ऐवजी १ देतो. रंगीत फोटोत शंभरातले पाच-सात आकडे असे चुकार निघतात. खिंडार तरीही ठळक दिसतं.

आता चिकटवलेल्या पाहुण्याकडे वळू. त्याचा फोटोही बहुधा जेपेगच असणार, म्हणजे तोही आधी एकदा भागाकारातून गेलेला. मग त्याच्या घरांत खिंडारं का नसावीत? कारण चौकडी. उचललेला तुकडा नव्या जागी ठेवताना त्याच्या जुन्या चौकडीच्या रेघा नव्या रेघांवर तंतोतंत बसायच्या, तर ६४ शक्यतांपैकी एकच कामाची असते. बाकी ६३ वेळा नवं घर जुन्या घरांच्या सीमांवर पसरतं, बहुतेकदा चार जुन्या घरांचे तुकडे पोटात घेऊन बसतं. त्यातून काढलेला आकडा पाचाच्या पाढ्यात असायचं काही कारणच नाही, तो ४.१ असू शकतो, आणि ३ने भागून १ देऊ शकतो. शिवाय पाहुणा गर्दीत शोभावा म्हणून लहान-मोठा केला असेल किंवा जरासा फिरवला असेल, तर जुनी चौकडी उरतच नाही.

या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. दुहेरी भागाकाराचा डाग असतो तो अस्सल भागावर. खोटा तुकडा त्या हिशेबात कोरा करकरीत निघतो आणि त्या कोरेपणामुळेच सापडतो.

२००३मध्ये यान लुकाश आणि जेसिका फ्रिड्रिख यांनी दोनदा साठवलेल्या फोटोच्या आकड्यांवरून पहिल्या वेळचे भाजक ओळखून काढायची रीत मांडली. पुढच्याच वर्षी अलिन पोपेस्कू आणि हनी फरीद यांनी या नियमित खळग्यांचा उपयोग फोटोतली हातचलाखी तपासण्यासाठी दाखवला. पण ‘हा फोटो दोनदा साठवलाय’ एवढं कळून भागत नाही. कुणी नुसता उजेड वाढवून सेव्ह केला, तरी तसं होतंच. प्रश्न असतो फोटोच्या आत फरक आहे का, आणि असलाच तर नेमका कुठे. घराघराचा असा नकाशा काढण्याच्या पद्धती २००६पासून आल्या.

नकाशा कसा काढतात ते आपल्याच फोटोवर पाहू. तो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असेल, तर त्यात ५०० बाय ३७५, म्हणजे १,८७,५०० घरं आहेत. पाहुण्याने ४०० बाय ८०० पिक्सेल अडवले असतील, तर त्याची घरं ५,०००, शंभरात तीनसुद्धा नाहीत. त्यामुळे अख्ख्या फोटोचा स्तंभालेख काढला तर खिंडारं स्पष्ट दिसतात आणि त्यावरून पहिला भाजक ५ असल्याचं कळतं. दुसरा भाजक ३ हा फाइलीच्या सुरुवातीला लिहिलेलाच असतो. मग एकेका घराला विचारायचं: तुझा आकडा काय?

घर म्हणालं १, तर संशय वाढतो. अस्सल भागात १ फक्त चुकार म्हणून येतो. चिकटवलेल्या भागात तो निदान आठपट सहज येतो. घर म्हणालं २, तर कल थोडा अस्सलपणाकडे, कारण तिथे २च्या खांबात शेजारच्या १चीही भर पडलेली असते. एका आकड्यावरून कुणाला पकडता येत नाही. पण ६४ जागांपैकी पट्टे जरा रुंद असलेल्या दहा-पंधरा जागा अशा प्रश्नाला उपयोगी पडतात, आणि प्रत्येक जागेचे भाजक वेगळे असल्याने खिंडारंही वेगळी. अशा दोन जागांनी आठपट संशय सांगितला, तर आठ आठे चौसष्टपट होतो. शेजारची घरंही तेच सांगू लागली, की नकाशावर पाहुण्याच्या आकाराचा डाग उमटतो.

सपाट भाग मात्र तोंडच उघडत नाहीत. पांढरी भिंत किंवा भगभगीत आकाश असलेल्या घरांत बहुतेक आकडे शून्य असतात, आणि शून्य दोन्हीकडे मुबलक. नवशिके नकाशात आकाशावरचा वेगळा रंग पाहून ‘आकाश बदललंय’ म्हणतात. ते फक्त गप्प बसलेलं असतं.

कधी उलटंही घडतं: चिकटवलेला तुकडाच जास्त भरड, समजा क्वालिटी ६५च्या फोटोतून आलेला. त्यासाठी फरीद यांनी २००९मध्ये ‘जेपेग घोस्ट’ची युक्ती सांगितली. संशयित फोटो वेगवेगळ्या क्वालिटीने परत परत साठवायचा आणि दर वेळी मूळ फोटोतून वजा करायचा. ६५ आली की त्या तुकड्यापुरती वजाबाकी एकदम खाली येते. त्या आकड्यांना त्याच भाजकांनी पूर्वीच भागलेलं असतं, नवीन हरवण्यासारखं फारसं काही नसतं. वजाबाकीच्या चित्रात तो भाग काळ्या भुतासारखा उभा राहतो. अर्थात चौकडी जुळायला हवी, म्हणून तपासणारा फोटो एकेक पिक्सेल सरकवत ६४ही शक्यता चाचपतो.

खिंडारांची सगळी मदार मात्र दुसरा भाजक पहिल्यापेक्षा लहान असण्यावर आहे. क्रम उलटा करून बघा: आधी ३, मग ५. तिनाच्या पाढ्यातले ३ आणि ६ दोन्ही १मध्ये पडतात, ९ आणि १२ हे २मध्ये, १५ एकटा ३मध्ये, मग १८ आणि २१ हे ४मध्ये. कुठलाच खांब रिकामा राहत नाही; फक्त काही खांबांना दोघांची भर मिळते आणि काहींना एकाचीच. एवढा फरक हजारो घरांत दिसतो, शंभरेक घरांत बुडून जातो. दोन्ही वेळा भाजक तोच असला, तर पाचाचा पाढा पाचाने भागून तसाच परत येतो आणि काहीच कळत नाही.

व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने आलेल्या फोटोत तर मूळ आकडे बहुधा शिल्लकच नसतात, कारण मोठा फोटो तिथे आधी लहान केला जातो. पाहुणा आणि मांडव दोघांच्याही जुन्या चौकड्या त्यात विरघळतात आणि वर सगळीकडे एकसारखी नवी चौकडी छापली जाते. असा फोटो ‘स्वच्छ’ निघाला, तरी त्यावरून अस्सलपणाचा दाखला देता येत नाही. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर फाइल जशीच्या तशी पोहोचते आणि पाढे शाबूत राहतात. म्हणून तपासणारा माणूस कुठलाही प्रोग्राम उघडण्याआधी विचारतो, की ही फाइल तुमच्याकडे कशी आली. ‘थेट कॅमेऱ्यातून’ असं उत्तर आलं आणि आकड्यांत पाचाचा पाढा तिनाने भागलेला दिसला, तर पाहुण्याकडे बघायच्या आधीच एक खोटं सापडलेलं असतं.