वजनकाट्याच्या मशीनचं घड्याळ हाताने फिरवू नका

जिनिंग, दालमिल आणि पतसंस्थेच्या ग्राहकांसाठी

तुमच्या मशीनवरच्या फायली रात्री सर्व्हरवरच्या फायलींशी जुळवणारा प्रोग्राम आमचा आहे. कापसाचा हंगाम लागला की आमचा फोन सकाळपासून वाजतो आणि निम्मे फोन एकाच गोष्टीसाठी असतात. "भाऊ, रात्री फाईल गेलीच नाही, पडद्यावर 'घड्याळ जुळत नाही' असं येतंय." नाहीतर, "लॉगमध्ये साडेपाच तास मागची वेळ दिसते, तुमचा सर्व्हर बिघडला का?"

दुसऱ्याचं उत्तर आधी. सर्व्हर बिघडलेला नाही. तो जागतिक वेळेवर, म्हणजे UTC वर चालतो आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. लॉगमध्ये 17:30 दिसलं तर आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते. लॉग भारतीय वेळेत छापणं आम्हाला अवघड नाही, पण दोन मशीनच्या फायली ताडून पाहायच्या तर दोन्हीकडचा हिशोब एकाच वेळेत हवा, म्हणून तो तसाच ठेवला आहे.

आता खरा घोळ. मशीन फॉरमॅट होतं, नवीन विंडोज पडतं आणि टाइम झोन पुष्कळदा अमेरिकेतल्या पॅसिफिकचाच राहून जातो. हिवाळ्यात संध्याकाळी साडेसहाला पडद्यावर पहाटेचे पाच दिसतात. मग काट्यावरचा पोरगा काय करतो? घड्याळ हाताने साडेसहावर आणतो. इंटरनेटवरून वेळ पुन्हा 'चुकू' नये म्हणून आपोआप वेळ घेण्याचं बटणही बंद करतो. भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ जुळते, सगळे खूश.

पण विंडोज फाईलवर UTC वेळच नोंदवतं, पडद्यावर दिसते ती झोन लावून दाखवलेली वेळ. झोन पॅसिफिक असताना तुम्ही साडेसहा वाजवले, तर हिवाळ्यात मशीन त्यात आठ तास मिळवून UTC काढतं.

एका जिनिंगमध्ये हेच झालं. १० डिसेंबरला संध्याकाळी साडेसहाला काट्यावर वजनाची फाईल सेव्ह झाली. खरी UTC वेळ १० तारखेची 13:00 होती, फाईलवर पडली ११ तारखेची 02:30, म्हणजे साडेतेरा तास पुढची. रात्री नऊला मुनीमजींनी सर्व्हरवरच्या त्याच फाईलमध्ये तीन गाड्यांची घट दुरुस्त केली. तिच्यावर 15:30 हीच योग्य वेळ पडली. अकराला आमचा प्रोग्राम चालला. त्याचा नियम साधा आहे, जी फाईल नवी ती ठेवायची. काट्यावरची फाईल 'उद्याची' म्हणून तीच नवी ठरली आणि मुनीमजींची दुरुस्ती पुसली गेली. पुसली जाणारी प्रत आम्ही तीस दिवस वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, म्हणून तीन गाड्यांचा हिशोब परत मिळाला.

तेव्हापासून प्रोग्राम सुरू होताच दोन्ही मशीनची UTC वेळ विचारतो आणि दोन मिनिटांपेक्षा जास्त फरक दिसला तर काहीही न पाठवता थांबतो. काहींना याचा राग येतो. आमचं म्हणणं, एक रात्र फाईल न गेलेली बरी, चुकीची फाईल बरोबर फाईलवर बसलेली नको.

'घड्याळ जुळत नाही' हा संदेश आला तर आधी झोन पाहा. कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका:

```
tzutil /g
```

उत्तर `India Standard Time` यायला हवं. `Pacific Standard Time` आलं तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून, याच क्रमाने:

```
tzutil /s "India Standard Time"
w32tm /resync
```

पहिल्या ओळीने झोन बदलतो, दुसरी इंटरनेटवरून खरी वेळ आणते. दुसरी चालली नाही तर आपोआप वेळ घेण्याचं बटण किंवा विंडोजची वेळेची सेवा बंद असते, दोन्ही सुरू करून पुन्हा टाका. झोन बरोबर असूनही सकाळी मशीन लावल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसली, तर मदरबोर्डवरचा CR2032 सेल संपला आहे. लोडशेडिंगच्या गावात हे नेहमीचंच. सेल आमच्याकडे असतात.

आणखी एक खूण सांगतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी काट्याचं घड्याळ आपोआप एक तास मागे गेलं तर झोन पॅसिफिकच आहे असं समजा. त्या दिवशी अमेरिकेत घड्याळं मागे घेतात, आपल्याकडे तशी पद्धत नाही.

घड्याळ सुधारलं तरी आधीच्या फायलींवरची पुढची वेळ तशीच राहते आणि त्या पुन्हा खऱ्या नव्या फायलींना मागे टाकू शकतात. म्हणून दुरुस्तीनंतर लगेच रात्रीचा प्रोग्राम चालू देऊ नका, आधी फोन करा. फॉरमॅट कोणत्या दिवशी झाला एवढं सांगितलं की तिथून पुढच्या फायलींच्या वेळा आम्ही साडेतेरा तासांनी मागे घेतो. उन्हाळ्यातला फॉरमॅट असेल तर फरक साडेबारा तासांचा असतो, म्हणून तारीख नक्की आठवून सांगा.

वार्षिक करार असलेल्यांच्या मशीनचं घड्याळ, झोन आणि सेल आम्ही दसऱ्याच्या आधी येऊन तपासतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. करार नसेल तर फॉरमॅट करणाऱ्याला निदान हा कागद दाखवा.