फोटोतला डबा नेमका कोणता? पॉवर बँक, यूपीएस की स्टॅबिलायझर

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बेळगाव शहरातून, तसेच खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून आमच्या दुकानाच्या व्हॉट्सॲपवर अनेक ग्राहक एखाद्या चौकोनी डब्याचा फोटो पाठवून विचारतात की, हे काय आहे आणि लाईट गेल्यावर यावर वायफाय चालेल का. डबा कधी घर बदलताना माळ्यावर सापडलेला असतो, कधी कोणी जुना म्हणून विकायला काढलेला असतो. बहुतेक फोटो समोरच्या बाजूचे असतात आणि नेमकी तीच बाजू सर्वांत कमी सांगते, कारण एक बटण, एक-दोन दिवे आणि कंपनीचे नाव हे तिन्ही उपकरणांवर असू शकते. ओळख पटते ती मागच्या किंवा खालच्या बाजूचे लेबल आणि वायरी जोडण्याच्या जागा पाहून. ते कसे वाचावे, हे या पत्रकात दिले आहे.

लेबलवर प्रथम ‘आउटपुट’ ही ओळ शोधावी आणि तिच्यातील व्होल्टच्या आकड्याजवळचे चिन्ह पाहावे. लाटेसारखी नागमोडी रेघ (~) असेल तर बाहेर पडणारी वीज घरातल्या प्लगमध्ये असते तशी, म्हणजे एसी आहे. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ (⎓) असेल तर ती डीसी आहे. आकडा २२० किंवा २३० असेल तर डबा यूपीएस किंवा स्टॅबिलायझर असण्याची शक्यता मोठी. आकडा ५, ९ किंवा १२ असेल तर ती पॉवर बँक किंवा राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस. चिन्ह पुसट असले तरी व्होल्टचा आकडा बहुतेक वेळा वाचता येतो आणि पहिली निवड तेवढ्यावर होते.

पॉवर बँक ओळखणे त्यातल्या त्यात सोपे आहे. तिला भिंतीच्या प्लगची वायर सहसा नसते. मोबाईलच्या केबलची चपटी यूएसबी भोके आणि लंबगोल टाइप-सी भोक एवढेच तिच्या कडेला असते आणि लेबलवर १०००० किंवा २०००० एमएएच असा मोठा आकडा ठळक छापलेला असतो. हा आकडा आतल्या सेलचा, म्हणजे साधारण ३.७ व्होल्टचा असतो. मोबाईलकडे ५ व्होल्टने वीज जाताना तो कमी होतो, म्हणून त्याच लेबलवर ‘रेटेड कपॅसिटी’ या नावाने दुसरा, लहान आकडा दिसला तर त्यात फसवणूक नाही.

गोंधळ खरा होतो तो यूपीएस आणि स्टॅबिलायझर यांच्यात. दोन्ही जड असतात, दोन्हींना थ्री-पिन वायर आणि मागे थ्री-पिन सॉकेट असू शकते आणि दोन्हींच्या लेबलवर ‘इनपुट १४० ते २८० व्होल्ट’ अशा धर्तीची ओळ आढळते. कामात मात्र मोठा फरक आहे. स्टॅबिलायझरमध्ये बॅटरी नसते. आतला ट्रान्सफॉर्मर आणि रिले मिळून, येणारा दाब कमी पडला तर वाढवतात आणि जास्त झाला तर उतरवतात. ते करताना येणारा ‘टक’ असा आवाज रिलेचा असतो. उसाच्या पट्ट्यात पंप एकदम सुरू झाल्यावर घरातला दाब खाली येतो, तेव्हा फ्रीज वाचवतो तो हा डबा. पण हेस्कॉमची लाईट पूर्ण गेली की त्याच्याकडे देण्यासारखे काहीच उरत नाही. यूपीएसमध्ये बॅटरी असते आणि लाईट जाताच, अगदी क्षणार्धात, तो बॅटरीवर जातो.

म्हणून लेबलवर दुसरी शोधायची गोष्ट म्हणजे ‘बॅटरी’ हा शब्द. घरगुती कॉम्प्युटर यूपीएसवर ‘१२ व्होल्ट, ७ एएच’ अशी ओळ नेहमी आढळते आणि क्षमता दोन आकड्यांत, म्हणजे ‘६०० व्हीए / ३६० वॉट’ अशी दिलेली असते. स्टॅबिलायझरवर बॅटरीची ओळ नसते. क्षमता बहुधा केव्हीएमध्ये किंवा अँपिअरमध्ये असते, आणि सोबत ‘टाइम डिले’ किंवा ‘हाय कट’, ‘लो कट’ हे शब्द असतात. टाइम डिले म्हणजे लाईट परत आल्यावर फ्रीज किंवा एसीच्या कॉम्प्रेसरला लगेच वीज न देता काही वेळ थांबवणे. तशी सोय कॉम्प्युटरच्या यूपीएसवर लागत नाही, म्हणून ते शब्द दिसले की आमचा कल स्टॅबिलायझरकडे जातो.

जोडण्याच्या जागाही साक्ष देतात. मागच्या बाजूला टेलिफोनच्या किंवा लॅनच्या वायरीचे भोक असेल, किंवा प्रिंटरच्या केबलला असते तसे चौकोनी यूएसबी भोक असेल, तर तो यूपीएस समजावा; ते भोक मोबाईल चार्ज करण्यासाठी नसून कॉम्प्युटरला बॅटरीची स्थिती कळवण्यासाठी असते. उलट सॉकेटऐवजी स्क्रूने वायरी आवळण्याची पट्टी दिसली आणि डबा भिंतीवर टांगण्याजोगा असला, तर तो बहुतेक एसीचा स्टॅबिलायझर असतो. समोरच्या बाजूला येणारा दाब आकड्यांत दिसत असेल तर तेवढ्यावर निर्णय करू नये, कारण काही यूपीएसवरही असा आकडा दिसतो.

एक ठिकाण मात्र सावधगिरीचे आहे. काही यूपीएसच्या लेबलवर ‘एव्हीआर’ असे छापलेले असते. याचा अर्थ त्या यूपीएसमध्येच दाब सावरण्याची सोय आहे, एवढाच. ते वाचून कोणी त्याला स्टॅबिलायझर समजून फ्रीज जोडला, तर कॉम्प्रेसर सुरू होताना लागणारा करंट नेहमीच्या कितीतरी पट असल्याने ६०० व्हीएचा यूपीएस ओव्हरलोड होऊन बंद पडतो आणि वारंवार तसे झाले तर बिघडतो.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, निपाणीहून एका पांढऱ्या, हाताच्या पंजाएवढ्या डब्याचा फोटो आला आहे. प्लगची वायर नाही, एक चपटे यूएसबी भोक आहे, बाजूला दोन गोल भोके आहेत आणि लेबलवर ८००० एमएएच छापले आहे. एवढे पाहून बहुतेक जण पॉवर बँक म्हणतील. पण लेबलवरची पुढची ओळ ‘डीसी इनपुट १२ व्होल्ट, २ अँपिअर’ आणि त्याखालची ‘डीसी आउटपुट १२ व्होल्ट, २ अँपिअर’ अशी आहे आणि गोल भोकांपैकी एकावर ‘इन’ व दुसऱ्यावर ‘आउट’ असे बारीक अक्षरांत लिहिले आहे. येथे निकाल बदलतो. राउटरचा स्वतःचा ॲडॉप्टर ‘इन’मध्ये जातो, ‘आउट’मधून निघालेली वायर राउटरला जाते, आणि डबा या दोघांच्या मध्ये कायम बसून राहतो. हा राउटरचा छोटा यूपीएस आहे.

‘मग पॉवर बँकेनेही तेच काम होणार नाही का?’ असा प्रश्न येथे हमखास येतो. काही पॉवर बँकांना १२ व्होल्टचे आउटपुट असते, हे खरे आहे. परंतु अनेक पॉवर बँका चार्जर लागलेला असताना आउटपुट देत नाहीत, किंवा चार्जरची वीज तुटताच आउटपुट क्षणभर बंद करून पुन्हा सुरू करतात. मोबाईलला त्या क्षणाचे काही वाटत नाही. राउटर मात्र बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि इंटरनेट परत यायला दोन-तीन मिनिटे जातात. ती फट न पडू देणे हेच छोट्या यूपीएसचे काम, आणि फोटोत ती फट दिसत नाही. ‘इन’ आणि ‘आउट’ अशी जोडी दिसली तर तशी रचना असावी, एवढाच अंदाज करता येतो.

हा डबा किती वेळ चालेल, याचा हिशेब लेबलवरूनच निघतो. ८००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे २९.६ वॉट-अवर. १२ व्होल्टपर्यंत दाब चढवताना काही वीज वाया जाते, म्हणून सुमारे २४ वॉट-अवर हाती येतात असे धरावे. राउटरच्या ॲडॉप्टरवर ‘१२ व्होल्ट, १ अँपिअर’ असेल तर त्याची मर्यादा १२ वॉट, आणि त्या हिशेबाने दोन तास. प्रत्यक्षात राउटर बहुधा ७-८ वॉटच घेतो, तेव्हा डबा नवा असताना तीन तास मिळायला हरकत नाही. सेल जुने झाले की हा वेळ घटत जातो.

जोडण्यापूर्वी राउटरच्या खालचे लेबल वाचणे आवश्यक आहे. गोल पिन अनेकदा सारखीच असते, त्यामुळे ९ व्होल्टच्या राउटरलाही १२ व्होल्टची वायर आरामात बसते आणि राउटर जळू शकतो. लेबलवर दोन लहान वर्तुळे आणि मध्ये एक ठिपका अशी आकृती असते. ठिपका ‘+’ चिन्हाच्या वर्तुळाशी जोडलेला असेल तर पिनेचा मधला भाग धन आहे. ही आकृती राउटरवर आणि डब्यावर सारखी असली पाहिजे.

लेबल फाटलेले किंवा पुसलेले असेल, आणि डबा जड व २३० व्होल्टचा असेल, तर घरी एक तपासणी करता येते. डबा सहा-आठ तास प्लगला लावून ठेवावा, त्याच्या सॉकेटमध्ये साधा एलईडी बल्ब लावावा, आणि मग प्लग न काढता भिंतीवरचे बटण बंद करावे. बल्ब चालू राहिला आणि डबा ‘बीप’ करू लागला तर तो यूपीएस. बल्ब विझला तर मात्र तो स्टॅबिलायझरच, असे म्हणता येणार नाही, कारण यूपीएसची बॅटरी ३-४ वर्षांत थकते आणि थकलेल्या बॅटरीचा यूपीएसही असाच विझतो. ही तपासणी चालू कॉम्प्युटर जोडून करू नये. डबा उघडून आत बॅटरी आहे का, हेही पाहू नये. प्लग काढल्यानंतरही यूपीएसच्या आत बॅटरीवरून २३० व्होल्ट तयार होऊ शकतात. छोट्या डब्याचे कवच फुगलेले दिसत असेल तर तो चार्जला न लावता तसाच दुकानात आणावा.

आम्हाला फोटो पाठवताना तीन पाठवावेत: मागची बाजू पूर्ण, लेबल अगदी जवळून, आणि जोडण्याच्या भोकांचा, ज्यात आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवलेले असेल. चंदेरी लेबलवर फ्लॅश मारल्यास अक्षरे पांढरी होऊन जातात. खिडकीजवळ, उजेड कडेने पडेल असे धरून फोटो काढावा. लेबल पुष्कळदा खालच्या बाजूला, रबरी पायांच्या मध्ये असते, म्हणून वीज बंद करून डबा उलटा करूनही पाहावा. डब्यावर काय चालवायचे आहे, तेही त्याच संदेशात लिहावे, आणि त्या उपकरणाच्या लेबलचा फोटो सोबत जोडावा.