ऑडिओ डिस्क्रिप्शन: दुसरा आवाज प्रेक्षकाच्या कानापर्यंत कसा पोहोचला

पडद्यावर जे दिसतं, पण ऐकू येत नाही, ते अंध प्रेक्षकांना दोन संवादांमधल्या मोकळ्या जागेत सांगायचं, ही कल्पना ग्रेगरी फ्रेझर यांनी १९७०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या प्रबंधात मांडली. १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या अरेना स्टेज नाट्यगृहात मार्गारेट रॉकवेल आणि कोडी फॅनस्टील यांनी ती नाटकासाठी वापरली. तिथे कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ध्वनियंत्रणा बसवलेली होतीच. तिच्यातूनच वर्णन अंध प्रेक्षकांच्या कानात गेलं, बाकीच्यांना व्यत्यय आला नाही.

लिहिण्याची पद्धत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. समजा, दोन संवादांमध्ये चार सेकंद आहेत. मराठीत त्यात जेमतेम आठ शब्द बसतात. बाई पत्र वाचते, खिडकीकडे बघते, पत्र चुलीत टाकते. सगळं सांगायला गेलं तर पुढचा संवाद बुडतो. म्हणून 'सुमन पत्र वाचते आणि चुलीत टाकते' एवढंच घ्यायचं, खिडकी सोडायची. 'ती दुखावते' असं मात्र लिहायचं नाही. तो अर्थ प्रेक्षकाने स्वतः लावायचा असतो.

खरी अडचण आवाज पोहोचवण्याची होती. अमेरिकेत १९८४ मध्ये स्टिरिओ टीव्हीसोबत एक जादा ध्वनिवाहिनी आली. बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच वाहिनीने १९९० मध्ये तिच्यावरून नियमित वर्णन सुरू केलं. पण ती ध्वनिवाहिनी एकच होती आणि स्पॅनिश भाषांतरालाही तीच लागे. शिवाय स्थानिक केंद्राकडे तिची उपकरणं नसली, तर तयार वर्णनही घरापर्यंत येत नसे. वर्णनाची सक्ती करणारे नियम २००२ मध्ये न्यायालयाने रद्द केले. २०१०च्या कायद्याने ते परत आणले.

भारतात २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने वर्णनाला आधार दिला. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका बड्या हिंदी चित्रपटाच्या ओटीटी आवृत्तीत ते देण्याचा आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राने चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली.

आता चित्रपटगृहात हे काम मोबाइल ॲपही करतं. वर्णनाची फाइल आधीच उतरवून ठेवायची. चित्रपट सुरू झाला की फोन काही सेकंद आवाज ऐकतो, आपण नेमके कुठे आहोत ते ओळखतो आणि तिथून वर्णन इअरफोनमध्ये लावतो. इथे घात होतो तो कापलेल्या दृश्यांमुळे. वर्णन जुन्या प्रतीवर लिहिलेलं असेल आणि नंतर वीस सेकंद कापले गेले असतील, तर तिथून पुढचं वर्णन वीस सेकंद मागे पडतं. दार आपटल्याचा आवाज येऊन जातो आणि 'तो दाराकडे जातो' हे नंतर ऐकू येतं. अशी चूक दिसली की फोनला पुन्हा ऐकवून जागा जुळवता येते, पण कापलेल्या दृश्याचं वाक्य फाइलमध्ये राहतंच. म्हणून वर्णन अंतिम, प्रमाणित प्रतीवरच ध्वनिमुद्रित करावं लागतं, आणि निर्माते ती प्रत प्रदर्शनाच्या अगदी तोंडावर देतात.