Custom Scale आणि Poster: दोन्हीकडे टक्के, पण काम वेगळं

मोठ्या नकाशाची PDF साध्या A4 प्रिंटरवर छापायला घेतली की पहिल्या झटक्यात बहुतेकांचे दोन-तीन कागद वाया जातात. अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत `Fit` निवडलं तर अख्खा नकाशा एका कागदावर येतो, पण गावांची नावं मुंगीएवढी होतात. `Actual size` निवडलं तर नावं वाचता येतात, पण नकाशाचा फक्त एक तुकडा छापून येतो. मग माणूस `Custom Scale` मध्ये 200 टाकतो आणि अनेक कागद निघतील म्हणून वाट पाहतो. कागद मात्र एकच निघतो, आणि त्यावर आधीपेक्षाही लहान भाग असतो.

या खिडकीत टक्के लिहायच्या दोन जागा आहेत. `Size` खालचं `Custom Scale` चित्राचा फक्त आकार बदलतं. कागदाबाहेर जे जाईल ते छापलंच जात नाही. `Poster` खालचं `Tile Scale` आधी आकार ठरवतं आणि मग त्या आकाराचे कागदाएवढे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळ्या पानावर देतं. दोन्हीकडचे टक्के लांबीचे आहेत, क्षेत्रफळाचे नाहीत. A4 चा तक्ता A2 एवढा हवा असेल तर 200 लिहायचं. 400 लिहिलं तर तो A0 एवढा होईल.

मला इथे जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की PDF आधीच मोठी असेल तर टक्के वाढवायची गरजच नसते. समजा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा A1 पानावर, म्हणजे 594 बाय 841 मिमीवर मांडलेला आहे. `Poster` निवडून `Tile Scale` 100 च ठेवायचं. A1 मध्ये आठ A4 बसतात, म्हणून आठ कागद लागतील असं वाटतं, पण तसं होत नाही. प्रिंटर कडेला काही मिलिमीटर जागा कोरी सोडतो. ती 5 मिमी धरली तर उभ्या A4 वर छापायला 200 बाय 287 मिमी उरतात. जोडासाठी 10 मिमी `Overlap` ठेवला की पहिल्या कागदानंतरचा प्रत्येक कागद रुंदीत 190 आणि उंचीत 277 मिमीचीच भर घालतो. तीन कागदांची रुंदी 580 भरते, 594 ला चौथा लागतो. उंचीला तीन जेमतेम पुरतात. एकूण बारा कागद.

`Tile Scale` 97 केलं तर रुंदी 576 मिमी होते आणि नऊ कागदांत काम भागतं. भिंतीवरच्या तक्त्याला हे चालेल. नकाशावर मोजमाप करायचं असेल तर मात्र मी हे करणार नाही, कारण 1:50,000 लिहिलेला नकाशा आता प्रत्यक्षात सुमारे 1:51,500 झालेला असतो. छापलेली प्रमाणपट्टी नकाशाबरोबरच आकसते, म्हणून ती खरी राहते. शेजारचा आकडा मात्र खोटा ठरतो. त्यापेक्षा कडेची सूची आणि कोरी जागा आधीच कापून टाकावी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 च्या शीटचा नकाशाचा चौकोन पुण्याच्या अक्षांशाला साधारण 53 बाय 55 सेंमी असतो. तेवढाच घेतला तर वरच्याच हिशेबाने तो पूर्ण प्रमाणात सहा कागदांवर बसतो.

`Overlap` हाताने भरावा लागतो, कारण आधीपासून तिथे असलेला आकडा नगण्य असतो. खिडकीत इंच दिसत असतील तर 10 मिमीसाठी 0.39 लिहा. `Cut Marks` आणि `Labels` दोन्हीवर खूण करा. लेबलमुळे प्रत्येक पानावर ओळ आणि स्तंभ छापले जातात. (2,3) म्हणजे दुसरी ओळ, तिसरा स्तंभ. समुद्राचे किंवा जंगलाचे एकसारखे तुकडे आले की हे आकडेच उपयोगी पडतात.

आणखी एक चूक प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये लपलेली असते. `Properties` उघडल्यावर तिथे कागदात बसवण्याचा पर्याय चालू असेल तर रीडरने कापलेला प्रत्येक तुकडा ड्रायव्हर पुन्हा लहान करतो. तो बंद करा, आणि सगळी पानं छापण्याआधी प्रमाणपट्टी असलेलं एकच पान छापून पट्टीने मोजा. 1:50,000 ला 5 किलोमीटर म्हणजे बरोबर 10 सेंमी. 9.7 भरले तर कुठेतरी आकार बदलला आहे.

जोडताना आधी एकेका ओळीच्या आडव्या पट्ट्या करा, मग पट्ट्या एकमेकींना जोडा. उजव्या कागदाची डावी कोरी कड खुणेवर कापून तो डाव्या कागदाच्या जादा भागावर ठेवा आणि खिडकीच्या काचेवर धरून रस्ते-नद्या जुळवा. पातळ गोंदाने कागद ओला होऊन फुगतो आणि चौथ्या-पाचव्या जोडापर्यंत रेषा सरकलेल्या दिसतात, म्हणून ग्लू स्टिक वापरा.