लिंबू माशाला चालतं, लसणीला नाही

“कांदा, लसूण, मासळी, वास कसलाही असो; लिंबू चोळलं की हात, सुरी, फळी सगळं साफ.”

बांगड्यापुरतं हे खरं आहे. समुद्री माशाचा तो उग्र वास ट्रायमिथाइलअमाइनचा. ते अल्कधर्मी असतं. आंबटाशी संयोग झाला की त्याचं क्षार बनतं. ते हवेत उडत नाही, पाण्यात विरघळून जातं. लिंबू नसेल तर चार आमसुलं भिजवलेलं पाणीही चालतं. मात्र फळीवर आधी आंबट, दोन मिनिटांनी पाणी, मग साबण. अंगाचा साबण अल्कधर्मी, तो आधी लावला तर वास उलट उठतो.

लसूण-कांद्याचा वास गंधकाच्या संयुगांचा. आंबट त्यांना बांधत नाही. ती तेलात चांगली विरघळतात, म्हणून खोबरेल आणि जाड मीठ चोळून मग साबण लावावा. जुन्या फळीच्या चिरांत मुरलेला वास मात्र एका धुण्यात जात नाही.

पडताळायचंय? एका हाताला बांगडा, दुसऱ्याला ठेचलेली लसूण चोळा. दोन्ही आमसुलाच्या पाण्यात बुडवून धुवा, पुसा, हुंगा. लसणीचा हात लगेच ओळखू येईल.

लोखंडी सुरीवर आंबट ठेवू नका, काळी पडते.