नऊ की दहा? फाशांच्या बेरजेच्या तक्त्यामागची गोष्ट

तीन फासे टाकले तर बेरीज ९ जास्त वेळा येते की १०? सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या जुगाऱ्यांना हा प्रश्न पडला होता. ९ सहा प्रकारे जमतात: १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३. १० चेही प्रकार मोजले तर सहाच भरतात. तरी मुरलेले खेळाडू सांगत की १० वर लावलेलं बरं. प्रश्न गॅलिलिओकडे आला आणि त्याने एका छोट्या टिपणात तो सोडवला.

प्रकार सहा असले तरी त्यांचं वजन सारखं नाही. १-२-६ हे दान फासे अदलून-बदलून सहा तऱ्हांनी पडतं, १-४-४ तीन तऱ्हांनी आणि ३-३-३ एकाच. तसं मोजलं की ९ साठी २५ तऱ्हा येतात, १० साठी २७, एकूण २१६ पैकी. फरक शेकडा एकाच्याही आत. तो निव्वळ खेळून ध्यानात आला असेल तर ती मंडळी किती खेळत असतील! आणि ही चूक काही अडाण्यांचीच नव्हे. पुढे लायब्निट्ससारख्या गणितीनेही दोन फाशांत ११ आणि १२ सारख्याच सहज पडतात असं लिहून ठेवलं. ५-६ आणि ६-५ ही दोन वेगळी दानं, हे त्याच्याही नजरेतून सुटलं.

गॅलिलिओने सगळी त्रिकुटं हाताने मांडली. चार-पाच फासे असते तर हात दुखले असते. जेकब बर्नुलीच्या १७१३ साली छापलेल्या ग्रंथात यावर सोपा तक्ता आहे: आधीच्या फाशांची ओळ घ्यायची, ती एकेक घर सरकवून सहा वेळा खाली लिहायची आणि उभी बेरीज करायची. आज याला कन्व्होल्यूशन म्हणतात. दोन फाशांची ओळ अशी:

```
बेरीज  २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९ १० ११ १२
तऱ्हा   १ २ ३ ४ ५ ६ ५ ४ ३  २  १
```

आता तिसरा फासा आणा. एकूण ९ हवे असतील आणि तिसऱ्यावर १ पडला, तर पहिल्या दोघांची बेरीज ८ हवी; ६ पडला तर ३ हवी. म्हणजे ३ पासून ८ पर्यंतची सहा घरं मिळवायची: २+३+४+५+६+५ = २५. १० साठी खिडकी एक घर उजवीकडे सरकते. डावीकडचे २ गळतात, उजवीकडून ४ येतात, २५−२+४ = २७. जुगाऱ्यांचं कोडं एका वजाबाकीत आणि एका बेरजेत सुटतं. शेवटी सगळ्या ओळीची बेरीज २१६ भरते का ते पाहावं. नाही भरली तर कुठेतरी एखादं घर गळलेलं किंवा बेरीज चुकलेली असते.

खिडकीची ही युक्ती फाशाच्या सहाही बाजू सारख्या असल्यामुळेच चालते. वजनं वेगळी असतील तर घरोघरी गुणाकार करावे लागतात, आणि तक्त्याचा मोठा उपयोग तिथेच झाला. १७५५ साली थॉमस सिम्प्सनने खगोलशास्त्रज्ञांच्या मापनातल्या चुका फाशांसारख्या मानल्या. त्याच धर्तीवर लहानसं उदाहरण घेऊ. चूक −१, ० किंवा १ असू शकते आणि त्यांची वजनं १, २, १ आहेत, एकूण ४. दोन निरीक्षणांसाठी ही ओळ स्वतःशीच गुणायची: १, २, १, मग तिची दुप्पट एक घर सरकवून, मग पुन्हा १, २, १ आणखी एक घर सरकवून. बेरीज येते १, ४, ६, ४, १, एकूण १६. एकाच निरीक्षणात पूर्ण एककाची चूक होण्याची शक्यता ४ पैकी २, म्हणजे निम्मी. दोहोंच्या सरासरीत ती १६ पैकी २ वर येते. एका उत्तम निरीक्षणावर भिस्त ठेवण्यापेक्षा सरासरी का घ्यावी, याचं उत्तर सिम्प्सनला असं मिळालं.

त्यावर थॉमस बेझने एका पत्रात बोट ठेवलं: उपकरणातच दोष असेल तर कितीही निरीक्षणं घेऊन काय होणार? आपल्याच आकड्यांत हे दिसतं. दोन्ही निरीक्षणांत चूक एकाच कारणाने येत असेल तर पहिली +१ असताना दुसरीही +१ च येते. बेरीज फक्त −२, ० किंवा २ होते, वजनं तीच १, २, १, आणि सरासरीत पूर्ण चुकीची शक्यता पहिल्यासारखी निम्मीच राहते. तक्त्यातला प्रत्येक गुणाकार एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही असं धरूनच केलेला असतो. ते धरणं चुकलं तरी बेरीज १६ च भरते, म्हणून मघाची पडताळणी इथे कामाची नाही. प्रत्यक्ष निरीक्षणांच्या जोड्या पाहाव्या लागतात: −१ आणि +१ सोबत कधी येतात का? स्वतंत्र चुकांत ते १६ पैकी २ वेळा व्हायला हवं.