शेवगा आणि पालक: ‘25 पट लोहा’चं गणित

शेवग्याच्या पानांच्या पावडरीवर ‘पालकाच्या 25 पट लोह’ असं छापलेलं असतं. हा आकडा निव्वळ खोटा नाही, पण त्यात वाळलेल्या पाल्याची तुलना ताज्या पालकाशी केलेली असते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ताज्या शेवग्याच्या पाल्यात सुमारे साडेचार मिलिग्रॅम लोह असतं, पालकात तीनच्या आसपास. म्हणजे फरक दीडपट. मग 25 कुठून आले? पावडरीसाठी सर्रास दिला जाणारा आकडा 100 ग्रॅमला 28 मिलिग्रॅमचा आहे. त्याला 25 नं भागलं तर पालकाच्या वाट्याला जेमतेम 1.1 उरतं. एका बाजूचं पाणी काढून टाकलं, दुसऱ्या बाजूचं तसंच ठेवलं आणि वर पालकाचा आकडाही कमीत कमी धरला.

आता पालकालाही वाळवू. शेवग्याच्या पाल्यात पाणी सुमारे 75 टक्के, पालकात 90. सगळं पाणी गेलं, तर शेवग्याचं लोह चौपट होऊन 18 वर जातं आणि पालकाचं दहापट होऊन 30 वर. पालक पुढे!

आणि पावडर 100 ग्रॅम खातो कोण? पाच ग्रॅमच्या चमच्यात, 28 चा आकडा मान्य केला तरी, 1.4 मिलिग्रॅम लोह येतं. 100 ग्रॅम पालकाच्या भाजीत त्याच्या दुप्पट. शिवाय दोन्हींतलं लोह वनस्पतीजन्य, त्यामुळे शरीरात त्याचा थोडाच भाग शोषला जातो. लिंबू पिळायचं ते त्यासाठीच.

कॅल्शियमच्या बाबतीत मात्र शेवगा खरोखरच वरचढ आहे. ताज्या पाल्यात 100 ग्रॅमला 300 मिलिग्रॅमच्या वर, पालकात 80 च्या आसपास. त्यातही पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं; माणसांवरच्या प्रयोगात पालकातलं जेमतेम 5 टक्के कॅल्शियम शोषलं गेलं, दुधातलं 27 च्या आसपास. सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर होणारी शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी या हिशेबात पालकाला सहज मागे टाकते, आणि तिथे पाला मूठभर नाही, टोपलीभर लागतो. फोलेटमध्ये मात्र पालक शेवग्याच्या तिप्पट.

माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या लुधियानाच्या एका अभ्यासात, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांना तीन महिने रोज शेवग्याची पावडर दिल्यावर हिमोग्लोबिन वाढलं. जाहिरातींना एवढंच पुरतं. पण त्याच अभ्यासात दुसऱ्या गटाला माठाच्या पानांची पावडर दिली होती, आणि हिमोग्लोबिन त्या गटातही वाढलं होतं. पालकाचा गट त्यात नव्हताच.